566 : जनगणनेच्या एका रकान्यातून विधानसभेच्या जागा कशा ठरतात

2001 च्या जनगणनेनुसार गोव्यात अनुसूचित जमातींचे लोक होते 566. अख्ख्या राज्यात. 2011 च्या जनगणनेत हाच आकडा 1,49,275 झाला. दहा वर्षांत कुठून दीड लाख माणसं आली नाहीत. केपे, सांगे, काणकोणच्या वाड्यांवर जी कुटुंबं 2001 मध्ये राहत होती, तीच 2011 मध्येही राहत होती. त्यांची मोजणीही दोन्ही वेळा झाली होती. फरक पडला तो कागदावरच्या एका रकान्यात.

त्या रकान्याची किंमत मोठी ठरली. 40 आमदारांच्या आपल्या विधानसभेत अनुसूचित जमातींसाठी एकही जागा राखीव झाली नाही, कारण मतदारसंघ आखताना कायद्याने 2001 चा आकडा धरला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने यासाठी गोव्यापुरता स्वतंत्र कायदा मंजूर केला. आता नव्या जनगणनेचं काम सुरू होतंय आणि या वेळी प्रत्येकाची जातही विचारणार म्हटल्यावर आमच्याकडे चहाच्या टपरीपासून देवळाच्या मंडपापर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो : हे लोक मोजतात तरी कसं, आणि त्या मोजणीवर एवढं का अवलंबून असतं? 566 चं कोडं उलगडत गेलं की दोन्हींची उत्तरं मिळतात.

आधी घरं, मग माणसं

माणसं हलतात, घरं हलत नाहीत. म्हणून जनगणना दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात घरांची यादी करतात. एप्रिल ते सप्टेंबर 2026 या काळात प्रत्येक राज्याने आपल्या सोयीचे 30 दिवस त्यासाठी निवडायचे आहेत. दुसऱ्या टप्प्यात त्या यादीतल्या घरांत जाऊन माणसं मोजायची, ते काम फेब्रुवारी 2027 मध्ये.

सगळा प्रदेश आधी छोट्या तुकड्यांत वाटून घेतात. अशा एका तुकड्याला प्रगणन गट म्हणतात. त्यात साधारण सहाशे ते आठशे माणसं येतात, म्हणजे गावातला एखादा मोठा वाडा किंवा शहरातल्या दोन-चार गल्ल्या. एका गटाला एक प्रगणक, म्हणजे घरोघरी जाऊन माहिती लिहिणारा माणूस. हे काम बहुतेक वेळा प्राथमिक शाळेच्या शिक्षकांकडे येतं. सहा प्रगणकांवर एक पर्यवेक्षक. राज्य कितीही मोठं असो, मोजणारा माणूस एका वेळी एकाच वाड्यात फिरत असतो. गटाच्या हद्दी एकमेकींना चिकटून असतात, मध्ये फट नसते आणि एकावर दुसरी चढत नाही. संपूर्ण लोकसंख्या मोजण्याचं गमक इथेच आहे. कुठली जागा कोणाच्या वाट्याला आली हे पक्कं ठरलं, की कोणी सुटायची किंवा दोनदा मोजलं जायची शक्यता कमी होते.

आमच्या शेजारच्या बाई 2011 ला प्रगणक होत्या. त्या सांगतात, पहिला दिवस नकाशा काढण्यातच गेला. मोजमाप न घेता नजरेने काढलेला नकाशा असतो हा : इथे तळी, इथे घुमटी, इथून भाटात उतरणारी पायवाट. त्यावर प्रत्येक इमारतीला क्रमांक द्यायचा. खरी पंचाईत झाली ती एका जुन्या घरापाशी. बाहेरून घर एकच, चौकही एक, तुळसही एक. पण आत तिघा भावांच्या तीन चुली. जनगणनेत कुटुंब म्हणजे सामान्यपणे एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसं. नातं किंवा आडनाव तिथे बघत नाहीत. त्यामुळे त्या एका घरात तीन कुटुंबं नोंदली गेली. बाईंनी स्वयंपाकघरं डोळ्यांनी बघून मग पेन्सिल उचलली.

तारवार गेलेला माणूस कुठे मोजायचा?

गोव्यात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच असेल. बाईंच्या गटातल्या एका घराला कुलूप होतं. शेजारणीने कुंपणावरूनच सांगितलं, ‘घोव तारवार आसा, बायल कुळारा गेल्या.’ नवरा बोटीवर, बायको माहेरी. मग या दोघांना कुठे लिहायचं?

जनगणनेला एक संदर्भ क्षण असतो. 2011 मध्ये तो 28 फेब्रुवारी आणि 1 मार्च यांमधल्या मध्यरात्रीचा होता. येत्या जनगणनेतही बर्फाळ डोंगरी भाग सोडला तर साऱ्या देशासाठी 1 मार्च 2027 च्या सुरुवातीचाच क्षण ठरला आहे. लग्नाच्या हॉलमध्ये सगळ्यांना एकत्र उभं करून फोटो काढतात, तसा हा देशाचा फोटो. पण एका रात्रीत प्रत्येकाच्या दारी जाणं शक्य नसतं. म्हणून आधी काही दिवस फिरून माहिती घेतात आणि त्या क्षणानंतर पुन्हा फेरी मारून ती दुरुस्त करतात. 2011 मध्ये 9 ते 28 फेब्रुवारी मोजणी झाली आणि 1 ते 5 मार्च दुरुस्तीची फेरी. मधल्या दिवसांत कोणी जन्मलं का, कोणी वारलं का, एवढंच विचारायला प्रगणक परत आले. ज्यांना घरच नाही, बसस्टँडवर किंवा बाजाराच्या ओट्यावर जे झोपतात, त्यांची गणती 28 फेब्रुवारीच्या रात्री झाली.

आता त्या कुलूपबंद घराकडे येऊ. नियम असा होता : नेहमी राहणारा माणूस मोजणीच्या त्या वीस दिवसांत एखादा दिवस जरी घरी असला, तर त्याला घरीच मोजायचं. सगळे दिवस बाहेर असेल तर घरच्या यादीत घ्यायचं नाही. देशात तो जिथे असेल तिथे मोजला जाईल. बायको चार दिवसांसाठी माहेरी गेली होती, म्हणून तिची नोंद सासरच्या घरी. नवरा सगळे दिवस भर समुद्रात, देशाबाहेर, म्हणून तो गोव्याच्या लोकसंख्येत आलाच नाही. घर त्याचं, शेत त्याचं, मतदारयादीत कदाचित नावही असेल, पण त्या फोटोत तो नाही.

उलट, कर्नाटकातून किंवा ओडिशातून येऊन वास्कोला भाड्याच्या खोलीत राहणारा मजूर गोव्यात मोजला जातो. आठवडाभर कळंगुटच्या हॉटेलात उतरलेला पर्यटक इथे मोजला जात नाही, कारण त्या काळातले बाकीचे दिवस तो आपल्या घरी असतो. जनगणना माणूस मूळचा कुठला हे बघून आकडा ठरवत नाही, तो त्या दिवसांत कुठे राहतो हे बघते. काहींना हे अन्यायाचं वाटतं. पण नळाला पाणी किती लागेल, कचरा किती निघेल, दवाखान्यात किती माणसं येतील, हे राहणाऱ्यांवरच ठरतं. माझ्या मते नियम बरोबर आहे. फक्त गोव्याच्या आकड्याचा अर्थ लावताना तारवटी आणि आखातात गेलेले त्यात नाहीत हे विसरून चालत नाही.

सुटलेली माणसं किती, हे कसं कळतं?

‘आमच्याकडे कोणी आलंच नव्हतं’ असं सांगणारे दर वेळी भेटतात, आणि ते खरं सांगत असतात. माणसं सुटतात. किती सुटली याचा अंदाज काढायची रीत मात्र चांगली आहे.

मोजणीनंतर थोडे गट निवडून तिथे दुसऱ्याच माणसांकडून पुन्हा स्वतंत्र मोजणी करून घेतात. मग दोन्ही याद्या नावानिशी ताडून बघतात. समजा, काही वाड्यांत जनगणनेने 960 माणसं लिहिली. फेरमोजणीत 900 सापडली. त्या 900 पैकी 864 नावं जनगणनेच्या यादीतही होती. म्हणजे फेरमोजणीला भेटलेल्या दर शंभरांपैकी 96 जनगणनेलाही भेटले होते. जनगणनेची पकड 96 टक्के असेल, तर तिला सापडलेले 960 हे खऱ्या संख्येच्या 96 टक्के झाले. म्हणजे खरी माणसं सुमारे 1000, आणि सुटलेली 40. त्यातली काही तर दोन्ही याद्यांत नाहीत, तरीही त्यांचा हिशेब लागला. तळ्यातले थोडे मासे पकडून, खूण करून परत सोडायचे, आणि दुसऱ्या जाळ्यात खुणेचे किती येतात त्यावरून तळ्यातले एकूण मासे ताडायचे, तसंच हे.

2011 च्या अशा तपासणीत देशात दर हजारी 23 माणसं सुटल्याचं दिसलं. या रीतीलाही मर्यादा आहे. जो माणूस पहिल्या वेळी दार उघडत नाही, तो दुसऱ्या वेळीही बहुधा उघडत नाही. मग दोन्ही जाळी एकाच माशाला चुकवतात आणि सुटलेल्यांचा अंदाज कमी येतो. शिवाय या तपासणीवरून मूळ आकडे बदलत नाहीत. छापलेला आकडा तोच राहतो, आणि कायदा छापलेलाच आकडा वाचतो.

मग 566 आले कुठून?

आता कोड्याकडे वळू. माणूस मोजणं वेगळं आणि त्याला एखाद्या वर्गात घालणं वेगळं. अनुसूचित जमात कोणती हे प्रगणक ठरवत नाही, सांगणाराही ठरवत नाही. राज्यघटनेखाली राज्यनिहाय यादी निघते आणि ती प्रगणकाच्या पिशवीत असते. माणूस आपल्या जमातीचं नाव सांगतो, प्रगणक ते त्या राज्याच्या यादीत शोधतो. सापडलं तरच रकान्यात ‘अनुसूचित जमात’ असं पडतं.

गोव्यासाठीची जुनी यादी 1968 ची, गोवा, दमण आणि दीव एकत्र असतानाची. तिच्यात धोडिया, दुबळा, नायकडा, सिद्दी आणि वारली अशी पाच नावं होती. गोव्याच्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या राबलेले गावडा, कुणबी आणि वेळीप त्या यादीत नव्हतेच. 2001 च्या फेब्रुवारीत प्रगणक केप्याच्या एखाद्या वाड्यावर गेला, समोरच्या म्हातारीने ‘आमी वेळीप’ म्हणून सांगितलं, त्याने यादी बघितली, नाव नाही. रकान्यात ‘नाही’. त्या प्रगणकाने चूक केली नाही. म्हातारी मोजली गेली, पण आदिवासी म्हणून नाही. साऱ्या राज्यात यादीतल्या पाच नावांचे लोक सापडले 566.

गावडा, कुणबी आणि वेळीप यांची नावं यादीत आली जानेवारी 2003 मध्ये. जनगणना होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. पुढची जनगणना आठ वर्षांनी. तोवर सरकारदरबारी गोव्यातल्या अनुसूचित जमातींची संख्या कागदावर 566 च राहिली.

इथे गोव्यापुरती एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. म्हणून ख्रिस्ती गावडाही अनुसूचित जमातीत धरला जातो. अनुसूचित जातींचा नियम वेगळा, तिथे हिंदू, शीख आणि बौद्धच येतात. आडनावावरूनही काही ठरत नाही. गावडे आडनाव महाराष्ट्रात अनेक जातींत सापडतं. म्हणून प्रगणकाने विचारायचंच असतं, अंदाजाने लिहायचं नसतं.

आकड्यावरून जागा कशा निघतात

राज्यघटना सांगते की विधानसभेतल्या राखीव जागांचं प्रमाण त्या समाजाच्या लोकसंख्येतल्या प्रमाणाशी शक्य तितकं जुळावं. हिशेब साधा त्रैराशिकाचा आहे.

2001 च्या आकड्यांवर : 566 भागिले 13,47,668, गुणिले 40. उत्तर येतं 0.02 च्याही खाली. म्हणजे शून्य. अनुसूचित जातींचे 23,791 लोक होते, त्यांचा भाग येतो 0.7, म्हणून एक जागा, पेडणे.

2011 च्या आकड्यांवर : 1,49,275 भागिले 14,58,545, गुणिले 40. उत्तर 4.09. म्हणजे चार जागा.

मतदारसंघांची फेरआखणी 2001 च्या जनगणनेवर झाली आणि 2008 मध्ये लागू झाली. तोपर्यंत गावडा, कुणबी आणि वेळीप यादीत येऊन पाच वर्षं झाली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी मतदारसंघ आखणाऱ्या आयोगाला ‘माहीत असणं’ वापरता येत नाही. त्याला छापलेला आकडा लागतो, आणि तो आकडा अजून कोणी मोजलेलाच नव्हता. 2011 मध्ये तो आला, पण तोवर आखणी होऊन गेली होती आणि पुढची आखणी 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेवरच करायची असं घटनादुरुस्तीने ठरलं होतं. समाजाच्या संघटनांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, निवेदनं दिली. शेवटी 2025 चा कायदा करून जनगणना आयुक्तांनी नव्याने समाविष्ट झालेल्या जमातींची संख्या निश्चित करायची आणि निवडणूक आयोगाने त्यावरून जागा ठरवायच्या, अशी वाट काढावी लागली.

चार हा आकडाही कायमचा नाही. भागाकारात वर जमातीची संख्या असते आणि खाली सगळ्या राज्याची. जमातीची संख्या तेवढीच राहिली आणि राज्याची लोकसंख्या साधारण 17 लाख 6 हजारांच्या पुढे गेली, तर उत्तर साडेतीनच्या खाली येतं आणि चौथी जागा धोक्यात येते. त्या खालच्या आकड्यात वास्कोचा भाडेकरू मोजला जातो, तारवार गेलेला माणूस मोजला जात नाही. कुलूपबंद घरासमोर उभ्या असलेल्या प्रगणकाची पेन्सिल विधानसभेपर्यंत पोचते ती अशी.

‘आधार आहे, मतदारयादी आहे, मग दारोदार कशाला?’

मतदारयादीत मुलं नसतात आणि जमातही लिहिलेली नसते. आधार कार्ड किती निघाली हे कळतं, पण कार्ड काढलेला माणूस आज हयात आहे का, आणि असला तर साष्टीत आहे की लंडनला, हे कार्डावरून कळत नाही.

‘मग थोड्या लोकांची पाहणी करून अंदाज काढावा’ हा आक्षेप जास्त गंभीर आहे. साऱ्या राज्यात जमातीचं प्रमाण दहा टक्के आहे, एवढं चांगल्या पाहणीतून नक्की कळेल. पण चार जागा कोणत्या, हे त्यातून कळणार नाही. कायद्यानुसार अनुसूचित जमातींच्या राखीव जागा शक्यतो त्यांचं प्रमाण सर्वात जास्त असलेल्या मतदारसंघांत द्यायच्या असतात. त्यासाठी गावागावाचा आकडा हवा. पंचायतीच्या प्रभागांचं तर विचारूच नका. तिथे दोनशे-तीनशे घरांचा प्रश्न असतो, पाहणीत त्यातली दोन घरंही यायची नाहीत.

‘सांगितलेली माहिती आमच्यावरच उलटली तर?’

परराज्यातून आलेल्यांना, भाडेकरार नसलेल्यांना आणि पोर्तुगीज पासपोर्ट काढलेल्यांना ही भीती असते. 1948 च्या जनगणना कायद्यात याबद्दल स्पष्ट कलम आहे. प्रगणकाने लिहिलेल्या नोंदी कोणालाही तपासायला मागता येत नाहीत, आणि त्या कायद्याखालचा खटला सोडला तर कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. पासपोर्ट कोणताही असो, इथे राहणारा माणूस मोजला जातो. परदेशी वकिलातीतले लोक तेवढे वगळतात. याच कायद्यात एक जुनी, माणुसकीची ओळ आहे : रूढीमुळे नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बाईवर ते सांगण्याची सक्ती नाही. आमच्या बाईंना अशा दोन आज्या भेटल्या. एकीने नातवाला हाक मारून नाव वदवून घेतलं.

उत्तरांसाठी कागदपत्रं मागत नाहीत. सांगितलेलं लिहायचं असतं. यात खोटं सांगायची वाट मोकळी राहते हे खरं आहे. पण कागद मागितले असते तर ज्यांच्याकडे कागद नाहीत तेच आधी सुटले असते.

या वेळी जात विचारतील, त्याने काय होईल?

1951 पासून आपल्याकडे फक्त अनुसूचित जाती-जमातींची नावं नोंदली जात होती. बाकीच्यांची जात विचारतच नसत. म्हणूनच 2001 च्या कागदांत वेळीप किती होते हे मागे जाऊन काढता येत नाही. ते उत्तर कोणी लिहूनच घेतलेलं नाही. 30 एप्रिल 2025 ला केंद्राने येत्या जनगणनेत सर्वांची जात नोंदवायचं ठरवलं.

यात अडचणीही आहेत. 2011 मध्ये जनगणनेबाहेर जी सामाजिक-आर्थिक पाहणी झाली, तिच्यात लोकांनी सांगितलेली जातींची नावं 46 लाखांच्या घरात गेली. एकाच समाजाचं नाव दहा प्रकारे लिहिलं जातं. कोणी जात सांगतं, कोणी पोटजात, कोणी कूळ, कोणी आडनाव. या वेळी नोंद मोबाइलवर होणार असल्याने नाव सूचीतून निवडता आलं तर हा गोंधळ बराच कमी होईल.

आपल्याकडे याचा उपयोग कुठे आहे, ते धनगर समाजाच्या उदाहरणावरून दिसतं. गोव्यातल्या धनगरांना अनुसूचित जमातीत घ्यावं ही मागणी जुनी आहे आणि अजून मान्य झालेली नाही. समजा, ती 2029 मध्ये मान्य झाली. जुन्या पद्धतीने गेलो असतो तर त्यांच्या बाबतीत 566 चीच गोष्ट पुन्हा घडली असती : नाव यादीत, पण संख्या शून्य, आणि वाट पुढच्या जनगणनेची. फेब्रुवारी 2027 मध्ये सत्तरीतल्या एखाद्या वाड्यावर प्रगणकाने ‘धनगर’ हे नाव नीट नोंदवलेलं असेल, तर यादी नंतर कधीही बदलो, त्या नावाखालची माणसं गावनिहाय मोजून काढता येतील.